शिवलेलं पोतं आणि टमाट्याचं सूप

हैदराबादचं राज्य मोडून त्याचे तीन वाटे झाले, त्या हिवाळ्यात आमच्या घरातली भांडी पोत्यात होती. ह्यांचं ऑफिस औरंगाबादला गेलं. हे पुढे जाऊन खोली बघणार, घडी बसली की येऊन सासूबाईंना आणि मला घेऊन जाणार, असं ठरलं. निघण्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी सगळी चांगली भांडी दोन पोत्यांत भरली आणि दाभण घेऊन तोंडं शिवून टाकली. शेतकऱ्याचा मुलगा. ऑफिसात कितीही इस्त्रीचा सदरा घालून बसला, तरी पोतं शिवायला बसला की हात बापाचेच. सुतळीचा एकेक टाका ओढताना चेहऱ्यावर असं समाधान, की जणू सगळा मराठवाडाच त्या पोत्यात भरून नेतोय.

मागे आम्हाला ठेवला एक तवा, एक परात, एक पितळी पातेलं, दोन ताटं-वाट्या आणि चहाचं सामान. "थोडेच दिवस तर काढायचेत," हे म्हणाले. त्या पातेल्याची कल्हई उडत आली होती. कल्हईवाला दारावरून ओरडत गेला, तर सासूबाईंनी त्याला परत पाठवलं. जायचंच आहे, आता इथं कशाला खर्च, तिकडं गेल्यावर करू. त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्याच गोष्टींना हे उत्तर होतं. खिडकीची कडी निखळली होती, छपराचं एक कौल सरकलं होतं, सगळं तिकडं गेल्यावर.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. परभणीकडच्या एका खेड्यातून त्या मुलामागे नल्लकुंट्याच्या ह्या दोन खोल्यांत आल्या होत्या आणि इतकी वर्षं राहून त्यांनी हैदराबादला आपलं म्हटलं नव्हतं. आता मुलगा आपल्या मुलखात चालला म्हटल्यावर त्यांना हर्ष मावत नव्हता. मलाही जायचं होतं. माझं कारण वेगळं होतं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यातले निम्मे दिवस हे दौऱ्यावर, आणि आता हे असे दूर. मला माझ्या नवऱ्यासोबत माझ्या घरात राहायचं होतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून मीही आत्याबाईंसारखं "आपला मुलूख, आपला मुलूख" करत होते.

आणि हे गेल्यावर आठवडाभरात आत्याबाईंना ताप आला. टायफॉइड निघाला. ह्यांना पत्र टाकलं, तर रजा मिळाली की येतो असं उत्तर आलं. औषध चांगलं होतं, ताप उतरला, पण माणूस काही उठेना. जेवणाचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. भाताची पेज नको, मुगाचं पाणी नको, दूध तर बघायलाही नको. शेजारच्या तेलुगू अक्का रोज चारू, म्हणजे त्यांच्याकडचं चिंचेचं सार, आणून द्यायच्या, पण त्यातल्या हिंगाच्या फोडणीचा वास आला की आत्याबाई डोळे मिटून घ्यायच्या. बसवलं तर घेरी यायची. संडासला मी आणि अक्का दोन्ही बाजूंनी धरून न्यायचो.

बरकतपुऱ्याचे डॉक्टरसाहेब येऊन बघून गेले. म्हातारे होते, शेरवानीत यायचे. मी विचारलं, गाडीचा प्रवास कधी जमेल? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच शरमले. "पहले उठने तो दो अम्मा," ते म्हणाले. "खाएंगे नहीं तो उठेंगे कैसे? साहब लेने आए और ये ऐसेच पड़े रहे, तो मैं इनको गाड़ी में नहीं बैठने देतूं." मग त्यांनी सूप करायला सांगितलं. टमाटे, गाजर, थोडा दुध्या, एखादा बटाटा. सगळं शिजवून गाळायचं. "बीज नक्को, छिलका नक्को, मिर्ची तो बिल्कुल नक्को. पेट की आंतां अब्बी कच्चे हैं. पतला पानी भी नक्को, ज़रा गाढ़ा होना."

म्हणजे गोष्ट सरळ होती. आत्याबाई खातील तर उठतील, उठतील तर जातील. नाही तर हे येतील, आम्हाला इथंच ठेवून एकटे परत जातील, आणि मी ह्या कौल सरकलेल्या खोलीत किती महिने काढीन ते देवालाच ठाऊक.

सूप मी कधी केलं नव्हतं, पण त्यात काय अवघड, असं मला वाटलं. मला त्या वयात सगळ्याच गोष्टींत काय अवघड असं वाटत असे. गाडीवाल्याकडून लालबुंद टमाटे घेतले, गाजरं घेतली, चिरून त्या पितळी पातेल्यात घातली आणि शेगडीवर ठेवून दिली. टमाटे छान मऊ झाले. चमच्याने चाखून बघितलं, तर जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवलं होतं. सगळं कळकलं होतं. तशा आजारी माणसाला ते दिलं असतं तर काय झालं असतं! पातेलं उचलून सगळं मोरीत ओतलं. वाया गेलेल्या टमाट्यांकडे बघून रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. कल्हई केलेलं चांगलं पातेलं पोत्यात शिवलेलं होतं ना!

"आत्याबाई, पोतं सोडते हो एक," मी दारातूनच म्हटलं.

इतके दिवस हूं की चूं न करणाऱ्या बाईंनी मान वळवली. "हात लावायचा नाही. जायला बांधलेलं सामान सोडलं की जाणं मोडतं. माणूस तिथंच राहतंय."

त्या "राहतंय"चा अर्थ मला कळला. त्यांना वाटत होतं, पोतं सुटलं की आपण इथून निघायचो ते थेट स्मशानातच. मी पोत्याचा नाद सोडला.

अक्कांना सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "पित्तल में खट्टा करते क्या जी!" म्हणत त्या घरात गेल्या आणि दगडाचं एक काळं, बुटकं, जड भांडं घेऊन आल्या. ह्याला त्या रातीचिप्पा म्हणायच्या. त्यांच्याकडे चिंचेचं सगळं त्यातच शिजायचं. "अडुगुन पेद्द मंट नक्को, खाली मोठा जाळ नक्को, हळू हळू गरम करना, फटता," त्यांनी बजावलं. त्यांची तेलुगू, दखनी आणि माझ्यासाठी राखून ठेवलेली मराठी एकाच वाक्यात सुखाने नांदायची.

दुसऱ्या दिवशी मी त्या दगडी भांड्यात मंद आचेवर टमाटे, गाजर, दुध्या आणि बटाटा शिजवला. चव स्वच्छ आली. आता गाळायचं. चहाच्या गाळणीत दोन चमच्यांतच साल अडकून ती बंद पडली. अक्कांची पिठाची चाळणी होती, पण ओली झाली की ती गंजते, आणि त्यांचं भांडं वापरत असताना आणखी ती मागायला माझी जीभ रेटेना. मग मी केलं काय, तर पुरणाचा कट काढतात तसं केलं. धोतराचा धुतलेला फडका चहाच्या भांड्यावर बांधला, सगळं त्यावर ओतलं आणि खाली जे निथळलं ते घेतलं. आमच्याकडे सणावाराला असंच करतात ना, डाळ शिजली की वरचं पाणी काढून घ्यायचं, त्याची आमटी. हात तेच जाणत होता, तेच त्याने केलं.

खाली आलं गुलाबी पाणी. मीठ घालून नेलं. आत्याबाईंनी दोन चमचे घेतले, तोंडात घोळवले आणि भिंतीकडे वळल्या.

डॉक्टर म्हणाले होते, जरा गाढ़ा होना. मी ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गुलाबी पाण्याला उकळी फुटली तेव्हा त्यात मूठभर भुरभुरलं. क्षणात त्याच्या गोळ्या झाल्या. वरून ओल्या, आत कोरडं पीठ. चमच्याने ठेचायला गेले तर गोळ्या पळायच्या. मी इतक्या जोराने त्यांना ठेचत होते, की आवाज आतल्या खोलीत गेला.

"काय ठोकायलीस गं?"

"गोळ्या झाल्या."

"उकळत्यात पीठ टाकलंस?" आतून कूस बदलल्याचा आवाज आला. मग, "तुझ्या आईनं आंबील शिकवली नाही का तुला?"

खरं म्हणजे माझ्या आईला मधे आणलं म्हणून मला राग यायला हवा होता. पण आजारी पडल्यापासून बाईंनी मला पहिल्यांदाच टोमणा मारला होता. मला इतका आनंद झाला, की मी दारात जाऊन उभी राहिले, आणखी काहीतरी बोला म्हणून. त्या बोलल्याही. पीठ गार पाण्यात आधी कालवायचं, गुठळी बोटाने मोडायची, मग उकळीत धार धरायची आणि दुसरा हात थांबवायचा नाही. घट्ट झालं म्हणून लगेच उतरवायचं नाही, पिठाचा कच्चा वास जाईपर्यंत रटरटू द्यायचं. पीठ कमीच घ्यायचं, कारण निवल्यावर ते आणखी आळतं. हे सगळं मला आंबिलीबद्दल माहीत होतं. सुपाबद्दल माहीत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

मग सूप झालं एकदम गुळगुळीत, आणि चवीला फक्त पीठ. मी मीठ वाढवलं, तर खारट पीठ. मिरपूड घातली, तर तिखट पीठ. आत्याबाईंनी एक चमचा घेऊन वाटी बाजूला सारली. "लई चांगलं केलंस, पण नको व्हायलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी माझं मन राखलं ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. हाताला त्यांच्या नुसतं कातडं राहिलं होतं. हे कधीही आले असते.

मी स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसले. फडका तसाच पडला होता. त्यात टमाट्याचा, गाजराचा सगळा गर, सालं, बिया. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी त्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि बोटाने खरवडून खायला लागले. काय सांगू, सगळी चव तिथं होती! गोड, आंबट, दाट. मी आजारी माणसाला पाणी पाजत होते आणि अन्न फडक्यात ठेवून देत होते. भूक इतकी लागली होती, की फडका उलटा करून मी चाटूनपुसून खाल्लं. दार उघडं आहे, आतून आत्याबाई बघतायत, हे ध्यानातच आलं नाही.

"काय खायलीस गं?"

"चोथा," मी तोंड पुसत म्हटलं.

"मला दे की जरासा."

मी तशीच उठून उभी राहिले. दे म्हणाल्या! आम्ही सगळ्यांनी विनवण्या करून जी बाई तोंड उघडत नव्हती, ती मागत होती. आणि मला देता येत नव्हतं. "बिया आहेत त्यात, आत्याबाई. सालं आहेत. डॉक्टर नको म्हणालेत."

"मग बिया काढ."

"कशानं काढू? एक चाळणी घरात नाही."

"पुरणाची चाळणी..." त्या बोलता बोलता थांबल्या. पितळेची, कल्हई केलेली, बारीक भोकांची, त्यांच्या लग्नात आलेली चाळणी कुठे आहे ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आम्ही दोघीही कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघायला लागलो. बराच वेळ त्या बघत होत्या. मला भीती होती, मी बोलले तर त्या हट्टाला पेटतील. तो माझा अनुभव होता.

"सोड," त्या म्हणाल्या.

मी विळी आणायला धावले, तर ओरडल्या, "कापू नकोस! सुतळी लागल परत शिवायला." परत शिवायला. ते शब्द ऐकून मला कोण हायसं वाटलं. त्यांनी पडल्या पडल्या मला सांगितलं, टाक्याची डावीकडची गाठ शोध, ती सोडव, आता मोकळं झालेलं टोक ओढ. मी ओढलं. सरसर करत सगळी शिवण एका दमात उसवली आणि अख्खी सुतळी माझ्या हातात आली. भांड्यांच्या तळाशी चाळणी निघाली. कल्हई केलेलं पातेलं पण निघालं.

त्या संध्याकाळी मी परत सगळं शिजवलं. ह्या वेळी पाणी बेताचं, भाज्या जेमतेम बुडतील एवढंच. बटाटा बोटाने चिरडेल इतका मऊ होऊ दिला. मग चाळणी पातेल्यावर ठेवून शिजलेलं थोडं थोडं घेतलं आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासलं. पुरण करतात तसं. कट काढायचाच नव्हता, पुरण करायचं होतं, हे मला आधी कळलं नाही. गर कोरडा पडला की शिजवलेल्याच पाण्याचा एक पळा वर सोडायचा, पुन्हा घासायचं. शेवटी चाळणीत नुसती सालं आणि बिया उरल्या. चाळणी उचलून बाजूला ठेवणार, तेवढ्यात आवाज आला.

"खालनं खरवड. सगळा गर खालीच चिकटतोय."

मी मागे वळले. आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पाय लटलट कापत होते. मी धावले, त्यांना पाटावर टेकवलं, भिंतीला पाठ लावून दिली, आणि मग चाळणीच्या बुडाला लागलेला लाल लोण्यासारखा गर चमच्याने निपटून काढला. बघता बघता तो पळीभर भरला.

गर परत शेगडीवर ठेवला. बटाट्यानेच त्याला दाटपणा आला होता, पीठ लागलंच नाही. आत्याबाईंनी चमचा बुडवून उचलायला सांगितला. चमच्याच्या पाठीवर सूप पातळ रोगणासारखं धरून राहिलं. "बास, आता याला आणखी आटवू नको," त्या म्हणाल्या. मीठ मी आधी घालायला निघाले होते. त्यांनी हात धरला. सगळं आटून जेवढं राहायचं तेवढं राहू दे, मग घाल, नाही तर खारट होतं. टमाटे जरा जास्तच आंबट होते, म्हणून चिमूटभर साखर. गोड लागायला नको, आंबटाची धार तेवढी मोडायला हवी. मिरपूड नावाला. वाटीत ओतल्यावर वर लोण्याचा शेंगदाण्याएवढा गोळा.

त्यांनी पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून वाटीच तोंडाला लावली. संपल्यावर बोट फिरवून वाटी पुसून घेतली, अगदी खेड्यातल्या पोरीसारखी, आणि म्हणाल्या, "सालांचं काय केलंस? अक्काच्या गाईला दे. टाकू नको."

मी मोरीवर भांडी घासायच्या निमित्ताने गेले आणि पोटभर रडले. ते आनंदाचं होतं, हे मी आजही खात्रीने सांगते.

त्यानंतर रोज सूप झालं. कधी टमाटे कमी आणि गाजर जास्त, कधी नुसता दुध्या आणि बटाटा. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी एक वाटी स्वतः घेऊन बघितली, बोटाने तळ चाचपला, बी सापडेना, तेव्हा "वा" म्हणाले. मग मऊ भात सुरू झाला, मग मुगाची खिचडी. आत्याबाई दारापर्यंत आल्या, मग अंगणापर्यंत, मग अक्कांच्या ओट्यावर बसून त्यांना पुरण कसं घासायचं ते शिकवू लागल्या. अक्का सगळं ऐकून घेत आणि "हौ, हौ" म्हणत. उघडं पोतं मात्र कोपऱ्यात तसंच पडलं होतं. त्याकडे आत्याबाईंची नजर गेली की क्षणभर चेहरा उतरायचा. त्या बोलत नव्हत्या, पण मला दिसत होतं. जाणं मोडलं की काय, ही भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती. माझ्याही मनात थोडी शिरली होती, खोटं कशाला बोलू?

हे आले ते कुणाला न कळवता, सकाळच्या गाडीने. काचीगुड्याहून पायीच आले होते. दारात बॅग ठेवली आणि पहिलं काय बघितलं असेल, तर कोपऱ्यातलं पोतं. आपण शिवलेली शिवण उसवलेली, भांडी बाहेर मांडलेली. माझ्याकडे बघून एक शब्द चांगला नाही. थेट विचारलं, "सामान कुणी सोडलं?"

मी पदर सावरत काही बोलणार, इतक्यात स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"मी."

ह्यांनी मान वर केली. आत्याबाई शेगडीपुढे उभ्या होत्या. कशालाही न धरता. एका हातात वाटी, दुसऱ्यात पुरणाची चाळणी, कपाळावर घाम. ज्या आईला गाडीत झोपवून न्यावं लागेल की इथंच ठेवावं लागेल, ह्याचा विचार करत हे रात्रभर बसून आले होते, ती आई उभी होती. हे नुसते बघत राहिले, आणि बघता बघता एवढा मोठा माणूस त्या उसवलेल्या पोत्यावरच मटकन बसला.

आत्याबाईंनी मुलाकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं. मग फळीवर गुंडाळून ठेवलेली सुतळी काढून त्याच्या मांडीवर टाकली.

"बसलास काय? हातपाय धू, सूप घे गरम गरम," त्या म्हणाल्या. "मग शिव. चाळणी तेवढी बाहेर राहू दे, ती माझ्या हातात घेऊन येते मी."